चार्जर नेमका कशाने जळतो? व्होल्टेज, वीज, स्टॅबिलायझर आणि सर्ज प्लग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात मोबाइल आणि छोट्या उपकरणांच्या दुरुस्तीचं दुकान चालवताना वळवाच्या पावसापासून दसऱ्यापर्यंत रोज हेच प्रश्न येतात. काउंटरवर तोंडी सांगून सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे.

आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १५०-१६० वर येतं. त्याने चार्जर जळतो का?

नाही. चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा. `INPUT: 100-240V~ 50/60Hz` असं लिहिलेलं असतं, म्हणजे १०० व्होल्टपासून तो चालायलाच बनवलेला असतो. आत येणारी वीज आधी डीसी होते, मग एक छोटी चिप ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून ५ किंवा ९ व्होल्ट बनवते. व्होल्टेज कमी झालं की चिप जरा जास्त वेळ चालू राहते, एवढाच फरक. फोनला त्याचा पत्ताही लागत नाही.

कमी व्होल्टेजने मार खातात ते फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि पाण्याची मोटर. मोटर अडते, जास्त करंट ओढते आणि तापते. फ्रिज आणि चार्जर एकाच घरात असल्यामुळे लोक एकाचं दुखणं दुसऱ्याला लावतात. दिवे मिणमिणत असताना फोन सावकाश चार्ज होतोय असं वाटलं, तर बहुतेक वेळा केबल खराब असते.

मग चार्जर मरतो कशाने?

दोन गोष्टींनी, आणि त्या दोन्ही अगदी वेगळ्या आहेत. एक म्हणजे व्होल्टेज खूप वर जाऊन तिथेच काही सेकंद, मिनिटं किंवा तासभर राहणं. दुसरी म्हणजे आकाशातल्या विजेचा झटका, जो डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी येऊन संपतो. पहिलीला पुरणारा उपाय दुसरीला चालत नाही आणि दुसरीचा पहिलीला. बाजारात मात्र दोन्हींसाठी एकच डबा दाखवतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

व्होल्टेज एवढं वर जातंच कसं? आपल्याकडे तर २३० असतं ना?

जातं, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे डीपीवर किंवा पोलवर सुटलेला न्यूट्रल.

डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. प्रत्येक घराला एक फेज आणि तोच सामाईक न्यूट्रल मिळतो, त्यामुळे घरात २३० व्होल्ट येतात. पण दोन फेजांमधलं अंतर ४०० व्होल्टचं असतं. न्यूट्रलचा सांधा वाऱ्याने हलला, गंजला किंवा जळून सुटला, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना साखळीसारखी जोडली जातात आणि ते ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. वाटणी मात्र सारखी होत नाही. ज्या घरात जास्त वॅटचं सामान चालू आहे त्याला कमी मिळतं आणि ज्याच्याकडे कमी चालू आहे त्याच्या बोकांडी उरलेलं सगळं बसतं.

हिशेबच करून बघू. एका फेजवर इस्त्रीवाला आहे, त्याची १००० वॅटची इस्त्री चालू आहे. दुसऱ्या फेजवर तुमचं घर, आणि तिथे फक्त १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. इस्त्रीचा रोध साधारण ५३ ओहम, बल्बचा ५२९. न्यूट्रल सुटला की दोन्ही एका रांगेत आले. ४०० व्होल्टपैकी इस्त्रीला मिळतात जेमतेम ३६ आणि तुमच्या बल्बला ३६४. प्रत्यक्षात तीन फेज आणि पन्नास घरं असतात, आकडे तेवढे टोकाचे जात नाहीत, पण ३००-३५० पर्यंत जाणं नवलाचं नाही.

आता चार्जरच्या आत काय होतं बघा. २३० व्होल्ट एसी डीसी केला की तो सव्वातीनशेच्या आसपास भरतो. ३६४ चा झाला तर ५१५. आणि आत बसलेला निळा किंवा काळा कॅपॅसिटर असतो ४०० व्होल्टचा. तो तापतो, फुगतो आणि वरून फुटतो. त्यापाठोपाठ चिपही जाते.

आमच्या गल्लीत एकाच रात्री सगळ्यांचे चार्जर गेले. वीज पडली असेल ना?

असाच एक प्रसंग सांगतो. मे महिन्यात वादळी पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच गल्लीतून नऊ चार्जर, दोन सेटटॉप बॉक्स आणि पिशवीभर एलईडी बल्ब आले. प्रत्येक जण हेच म्हणत होता, "रात्री वीज पडली, काका." कडकडाट झाला होता हे खरंच होतं.

मी चार्जर उघडले. नऊपैकी सातांचे कॅपॅसिटर वरून फुगलेले, दोघांचे फुटून आत तपकिरी चिकट द्रव सांडलेला, माशासारखा वास. चिप फुटलेली होती ती चारांतच. हे विजेचं लक्षण नाही. विजेचा झटका येतो तेव्हा कॅपॅसिटर बहुतेक वेळा वरून ठणठणीत दिसतो, कारण त्याला तापायला वेळच मिळालेला नसतो. त्याऐवजी चिपच्या अंगाला भोक पडतं, तिचा टवका उडतो, किंवा पट्टीवरची तांब्याची रेघ वितळून तिथे काळी काजळी धरते.

मग त्यांना विचारलं, रात्री दिवे कसे होते? एक ताई म्हणाल्या, "आमचा पंखा विमानासारखा पळत होता." समोरच्या घरातले म्हणाले, आमचा तर दिवा मेणबत्तीसारखा झाला होता. तिथेच उत्तर मिळालं. लाईनमन आला, डीपीवर चढला, न्यूट्रलचा लग जळून नुसता टेकलेला होता. वाऱ्याने हलला की लागायचा, हलला की सुटायचा.

न्यूट्रल सुटलाय हे घरात बसून कसं ओळखायचं?

काही दिवे नेहमीपेक्षा लख्ख आणि काही मंद, पंखा जोरात, ट्यूब भुरभुर करतेय, हे पहिलं लक्षण. एकाच फेजचं मीटर असेल तर तुमच्याकडे सगळं लख्ख आणि शेजाऱ्याकडे अंधुक असं दिसेल. तीन फेजचं मीटर असेल तर आणखी पक्की खूण आहे: एका खोलीत गिझर लावला की दुसऱ्या खोलीतला दिवा उजळतो. साध्या कमी व्होल्टेजमध्ये गिझर लावल्यावर दिवे मंद व्हायला हवेत, उजळायला नकोत.

एक अपवाद लक्षात ठेवा. पोलवरून तुमच्याच घरात येणाऱ्या एकाच फेजच्या सर्व्हिस वायरचा न्यूट्रल तुटला, तर व्होल्टेज वाढत नाही, घर सरळ बंद पडतं. तेव्हा प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि लोक घाबरतात. ते वेगळं प्रकरण. चार्जर वाचलेले असतात.

दिवे लख्ख दिसले की मेन स्विच पाडा. चार्जर काढू, टीव्ही काढू असं करत बसू नका, आधी मेन. मग १९१२ वर कळवा आणि "लाईट गेली" असं न सांगता "न्यूट्रल सुटलाय, व्होल्टेज जास्त येतंय" असं सांगा.

आणि आकाशातली वीज? ती घरावर पडली नाही तरी चार्जर कसा जातो?

वीज घरावरच पडली तर कुठलाही प्लग, कुठलाही डबा वाचवू शकत नाही. तीस हजार अँपियरचा करंट तिथे साधारण गोष्ट असते. पण चार्जर जातात ते बहुतेक दुरून. किलोमीटरभर लांब झाडावर वीज पडली तरी तिच्या चुंबकीय क्षेत्राने पोलवरच्या लांबच लांब तारांमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो आणि तो तारेवरून घरात येतो. शेतातल्या वस्तीपर्यंत उघड्या तारा गेलेल्या असतात, म्हणून तिथले चार्जर जास्त जातात. जमिनीखालून केबल आलेल्या सोसायटीत हा त्रास कमी.

हा झटका किती वेळ टिकतो, ते नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. तपासणीसाठी जो नमुना वापरतात तो ८ मायक्रोसेकंदांत टोकाला पोचतो आणि २० मायक्रोसेकंदांपर्यंत निम्मा होतो. आपल्या वीजपुरवठ्याची एक अर्धी लाट १०,००० मायक्रोसेकंदांची असते.

बटण बंद केलं तर पुरे ना?

पुरे नाही. बटणाच्या आतल्या पट्ट्यांमधलं अंतर जेमतेम काही मिलिमीटर असतं आणि हजारो व्होल्टचा झटका ते ओलांडू शकतो. शिवाय बटण फक्त एक तार तोडतं. वायरमनने उलटं जोडलं असेल तर फेज चालूच. प्लग उपसून ठेवा. तोही ढग गडगडायला लागताना, डोक्यावर कडाडत असताना हात लावू नका. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप आहे, त्यात आसपास वीज पडत असल्याची सूचना येते. शेतावर राहणाऱ्यांनी ते फोनमध्ये ठेवावं, चार्जरपेक्षा स्वतःसाठी.

स्टॅबिलायझर घेतला तर चार्जर वाचेल का?

विजेपासून नाही. साध्या स्टॅबिलायझरमध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याचे फाटे बदलणारे रिले. व्होल्टेज कमी-जास्त झालं की "टक" असा आवाज येतो तो रिलेचा. रिलेची पट्टी हलायला काही मिलिसेकंद लागतात, आणि निर्णय घेणाऱ्या सर्किटला त्याहून जास्त. तोपर्यंत विजेचा झटका येऊन, चार्जर मारून, संपलेलाही असतो. आतला ट्रान्सफॉर्मर इनपुट-आउटपुट वेगळं करणारा नसतो, एकाच गुंडाळीचा असतो, त्यामुळे झटका आरपार जातो.

न्यूट्रल सुटल्यावर मात्र थोडा उपयोग होऊ शकतो, जर त्यात "हाय कट" असेल तर. म्हणजे ठराविक व्होल्टेजच्या वर गेलं की आउटपुट तोडून टाकणारा. दुकानात हे विचारूनच घ्या, कारण स्वस्त मालात तो नसतो किंवा नुसता दिवा लागतो. शिवाय ३५०-३६० व्होल्ट तासभर आले तर स्टॅबिलायझरचंच सर्किट जळतं, कारण ते त्याच तारेवर चालतं.

पण २० वॅटच्या चार्जरसाठी चार्जरच्या कितीतरी पट किमतीचा, दिवसरात्र घुमणारा लोखंडी डबा? मी कोणालाच सांगत नाही. स्टॅबिलायझर फ्रिजला लावा, तिथे त्याचं काम आहे.

सर्ज प्लग, स्पाइक गार्ड वगैरे खरंच काम करतात का?

विजेच्या दूरच्या झटक्यांवर करतात, पण आत माल असेल आणि घराला अर्थिंग असेल तर.

आत काय असतं ते सांगतो. एक चपटी, बहुतेक निळी, एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान चकती. तिला व्हॅरिस्टर म्हणतात. नेहमीच्या व्होल्टेजला ती मेल्यासारखी पडून राहते, ठराविक मर्यादा ओलांडली की एका क्षणात वाहायला लागते आणि झटका स्वतःच्या अंगावर घेते. तिच्यावर `14D471K` असं काहीतरी छापलेलं असतं. १४ म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास. 471 म्हणजे ४७ पुढे एक शून्य, म्हणजे ४७० व्होल्टला ती वाहायला सुरुवात करते. 07D असेल तर ७ मिलिमीटरची चकती, आणि तिची ताकद १४ वाल्याच्या चतुर्थांशाच्या आसपास. चकती जितकी मोठी तितका मोठा झटका ती पचवते.

मी उघडून बघितलेल्या स्वस्त "स्पाइक गार्ड" बोर्डांमध्ये अनेकदा एक फ्यूज, एक लाल दिवा आणि ७ मिलिमीटरची एक चकती एवढंच सापडलं. एकात तर चकतीही नव्हती, फक्त वर नाव होतं. चांगल्यात तीन चकत्या असतात: फेज आणि न्यूट्रलमध्ये एक, फेज आणि अर्थमध्ये एक, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक. विजेचा झटका अनेकदा फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर एकदम येतो, तेव्हा त्याला जायला जमीनच लागते. घराला अर्थिंग नसेल, किंवा खड्डा उन्हाळ्यात वाळून ठणठणीत झाला असेल, तर तीनपैकी दोन चकत्या नुसत्या शोभेच्या. आणि तीन पिनचा प्लग दोन भोकांच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर लावून घुसवला तर तीच गत.

विकत घेताना बघायचं काय?

खोक्यावर किती ज्यूल, म्हणजे किती ऊर्जेचा झटका पचतो, आणि क्लॅम्पिंग व्होल्टेज किती, म्हणजे झटका किती व्होल्टला अडवला जातो, हे लिहिलेलं असावं. नुसतं "सर्ज प्रोटेक्शन" लिहून आकडा नसेल तर ठेवून द्या. संरक्षण शाबूत असल्याचा वेगळा दिवा असावा, कारण चकती झटके खाऊन खाऊन झिजते आणि एके दिवशी गुपचूप संपते. बोर्ड त्यानंतरही चालूच राहतो, फोन चार्ज होत राहतात आणि तुम्हाला वाटतं की संरक्षण आहे. आत थर्मल फ्यूज, म्हणजे चकती तापली की तुटणारा फ्यूज, असेल तर उत्तम. का, ते पुढच्या प्रश्नात.

सर्ज प्लग लावलेला असताना न्यूट्रल सुटला तर?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, विचारायला हवा. 471 ची चकती सतत ३०० व्होल्टपर्यंत सहन करते. ३६० व्होल्ट आले की प्रत्येक लाटेच्या टोकाला ती वाहते, सेकंदाला शंभर वेळा. ती बनवलेली आहे मायक्रोसेकंदांच्या झटक्यासाठी, इथे तिला मिनिटामिनिटाने भाजलं जातं. थोड्याच वेळात ती शॉर्ट होते. नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडतो आणि मागचा चार्जर वाचतो. नाही तर प्लास्टिक वितळतं. वर सांगितलेल्या गल्लीत एका घरी हेच झालं होतं: बोर्डाच्या पाठीला रुपयाएवढं भोक आणि गादीला काळा डाग. म्हणून असे बोर्ड गादीवर, पडद्याजवळ, कपड्यांच्या ढिगात ठेवू नका.

मग जास्त व्होल्टेजवर खरा उपाय काय?

मेन बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीएवढा असतो, समोर आकडे दाखवतो, व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलं की आख्खं घर तोडतो आणि स्थिर झालं की काही वेळाने आपोआप जोडतो. वरची मर्यादा २६०-२७० ला ठेवा. आमच्याकडे गावठाणात रात्री शेतपंप बंद झाले की व्होल्टेज २५० पर्यंत चढतं, म्हणून २५० ला ठेवलात तर रात्रभर टकटक करत बसेल. घराच्या लोडला पुरेल असा अँपियर बघून वायरमनकडूनच बसवून घ्या. हा चार्जरच नाही, फ्रिज, टीव्ही, बल्ब सगळ्यांनाच वाचवतो, म्हणून पैसे घालायचेच असतील तर आधी इथे घाला.

घरात इन्व्हर्टर असेल तर फुकटचा एक उपाय आहे. मागे किंवा पुढे "यूपीएस" आणि "नॉर्मल" असं बटण असतं. नॉर्मलवर तो खूप रुंद मर्यादेत मेनची वीज तशीच पुढे पाठवतो. यूपीएसवर ठेवलात तर साधारण १८० ते २६० च्या बाहेर गेलं की तो बॅटरीवर उडी मारतो आणि जास्तीचं व्होल्टेज पुढे जात नाही. बॅटरी मात्र जरा जास्त वापरली जाते.

मेन बोर्डात विजेसाठीही काही बसवता येतं का?

येतं. टाइप २ एसपीडी म्हणतात. आत मोठ्या चकत्या, समोर हिरवी खिडकी, संपला की ती लाल होते. वस्तीवर राहणाऱ्यांना किंवा ज्यांच्याकडे सोलरचा इन्व्हर्टर आहे त्यांना मी तो घ्यायला सांगतो. पण बसवताना एक चूक सर्रास होते: वायरमन व्यवस्थित दिसावं म्हणून अर्थची वायर बोर्डात वळसे घालून नेतो. झटक्याच्या वेगाला मीटरभर जादा वायरसुद्धा तीन-चारशे व्होल्टचा अडथळा करते आणि तेवढे व्होल्ट तुमच्या उपकरणांवर वाढीव पडतात. वायर आखूड आणि सरळ, फेजकडून येणारी आणि अर्थकडे जाणारी दोन्ही मिळून अर्ध्या मीटरच्या आत. आणि अर्थिंगशिवाय हे यंत्र म्हणजे बोर्डातली भरलेली जागा.

चार्जर जळाला तर फोनही जातो का?

चांगल्या चार्जरमध्ये मेनची बाजू आणि फोनची बाजू यांच्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, दोन्हींना जोडणारी तार नसते. त्यामुळे चार्जर मरतो, फोन वाचतो. गल्लीतल्या त्या नऊ जणांपैकी एकाचाही फोन गेला नव्हता. रस्त्यावरच्या पन्नास रुपयांच्या चार्जरमध्ये मात्र हे अंतर कागदाएवढं असतं. झटका थेट फोनमध्ये आणि धरलेल्या हातातही जाऊ शकतो. चार्जरवर बीआयएसचं चिन्ह आणि `R-` ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघून घ्या.

जळालेला चार्जर दुरुस्त करून मिळेल का?

लॅपटॉपचा असेल तर आणा, बघू. फोनचा असेल तर मी करत नाही. कॅपॅसिटर बदलून तो चालू होतो खरा, पण वेल्डिंग केलेलं खोकं एकदा फोडलं की फेविक्विकने चिकटवून द्यावं लागतं, आणि आत २३० व्होल्ट असलेली ती वस्तू पोरं उशाशी घेऊन झोपतात.